कमेंटला व्हिडिओनेच उत्तर : सोयाबीनच्या पट्ट्यात शिकलेले सहा धडे

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी मी मोबाइलवर शेतीचे छोटे व्हिडिओ करतो. आमच्याकडचं खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन. लोहा-कंधारचा शेतकरीसुद्धा लातूरच्या बाजार समितीत आज काय दर निघाला ते बघूनच माल काढायचा की ठेवायचा ते ठरवतो. त्यामुळे मे महिना अर्धा सरला की माझ्या व्हिडिओंखाली प्रश्नांचा पाऊस सुरू होतो : बियाणं, बीजप्रक्रिया, पेरणीची खोली, पावसाचा अंदाज. सुरुवातीपासून मी या प्रश्नांना लिहून उत्तर देत आलो. पण लिहिलेलं उत्तर विचारणाऱ्यापुरतंच राहतं आणि तोच प्रश्न दोन दिवसांनी दुसरा माणूस विचारतो. कमेंटला नव्या व्हिडिओने उत्तर द्यायची सोय मी मनापासून वापरायला लागलो ती यामुळे.

ही सोय आधी टिकटॉकवर लोकांना माहीत झाली. भारतात 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच पुढच्या महिन्यात इन्स्टाग्रामचं रील्स आपल्याकडे सुरू झालं. यूट्यूब शॉर्ट्सची चाचणीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतातूनच सुरू झाली. रील्सवर व्हिडिओने उत्तर द्यायची सोय डिसेंबर 2021 मध्ये आली, शॉर्ट्सवर 2022 मध्ये. म्हणजे गोष्ट आता नवी राहिलेली नाही, तरी आमच्या भागातले बरेच जण अजून ती वापरत नाहीत, किंवा वापरतात ती नुसती गंमत म्हणून. शेतीच्या कामात ती कशी चालते आणि कुठे अडते, हे इथे सांगतो.

1. बटण कुठे आहे आणि ते काय करतं, हे आधी नीट समजून घ्या

इन्स्टाग्रामवर आपल्या रीलखालची कमेंट उघडायची आणि त्या कमेंटखालच्या ‘रिप्लाय’वर बोट ठेवायचं. लिहायची चौकट उघडते आणि तिच्या बाजूला कॅमेऱ्यासारखं छोटं चिन्ह दिसतं. ते दाबलं की रील करायचा पडदा उघडतो आणि ती कमेंट एका चौकोनी पट्टीसारखी पडद्यावर चिकटलेली असते. तिला स्टिकर म्हणतात. यूट्यूबवर मोबाइलच्या ॲपमधून कमेंटच्या ‘रिप्लाय’मध्ये गेलं की शॉर्ट बनवायचं चिन्ह मिळतं, पुढचं सगळं तसंच. ॲपची मांडणी अधूनमधून बदलते, चिन्ह इकडचं तिकडे जातं, पण सुरुवात नेहमी ‘रिप्लाय’पासूनच होते.

या पट्टीत विचारणाऱ्याच्या खात्याचं नाव आणि त्याचा मजकूर जसाच्या तसा येतो. पट्टी सरकवता येते, लहान-मोठी करता येते, पण मजकुरात एक अक्षरही बदलता येत नाही. व्हिडिओ तिथल्या तिथे चित्रित करता येतो किंवा आधी काढलेला गॅलरीतून घेता येतो. आमच्या कामात ही दुसरी सवलत फार मोलाची आहे, कारण शेतातली उत्तरं बटण दाबल्याबरोबर तयार नसतात.

पट्टी कुठे ठेवायची हेही सांगतो. पडद्याच्या खालच्या भागात मथळा येतो आणि उजव्या काठाला लाइक, कमेंट, शेअरची चिन्हं असतात. पट्टी तिथे ठेवली की निम्मा प्रश्न झाकला जातो. अगदी वर ठेवली तर काही फोनवर कापली जाते. मी ती वरच्या तिसऱ्या भागात, थोडी डावीकडे ठेवतो, आणि प्रसिद्ध करण्याआधी दुसऱ्याच्या जुन्या, छोट्या पडद्याच्या फोनवर एकदा पाहतो. आमचे बरेच शेतकरी असेच फोन वापरतात आणि तेही उन्हात, बांधावर उभं राहून. तिथे प्रश्न वाचता आला तर पट्टी बरोबर बसली असं समजायचं.

एक काम मात्र हातानेच करावं लागतं. व्हिडिओ टाकल्यावर मूळ कमेंटखाली दोन ओळींचं लेखी उत्तरही द्या आणि सविस्तर व्हिडिओ केल्याचं सांगा. विचारणाऱ्याला ॲपकडून सूचना जाते खरी, पण गावाकडे सूचना बंद ठेवणारे खूप आहेत. शिवाय पुढे कधी जुना व्हिडिओ पाहणाऱ्याला त्या कमेंटखालीच उत्तराची वाट सापडते.

2. ज्या प्रश्नामागे रांग उभी आहे, तो निवडा

कमेंट पन्नास असोत की पाचशे, व्हिडिओला लायक त्यातल्या थोड्याच असतात. ‘छान माहिती दादा’ला लाइक आणि आभार पुरतात. ‘आमच्या गावात पाऊस कधी?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी चार गोष्टी बघतो. तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय का? त्याचं उत्तर तोंडी सांगण्यापेक्षा दाखवून जास्त कळतं का? ते एका मिनिटात मावतं का? आणि उत्तर मिळाल्यावर ते वापरायला शेतकऱ्याच्या हातात वेळ उरतो का?

शेवटचा मुद्दा शेतीत फार मोठा आहे. आमच्याकडे सोयाबीनची पेरणी साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असं कृषी विभाग आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं. बियाण्याचा प्रश्न मे महिन्यात आला तर त्याचं उत्तर तेव्हाच द्यायला हवं. जुलैच्या अखेरीला दिलेलं उत्तर अचूक असलं तरी त्या हंगामासाठी वाया गेलं.

एकाच प्रश्नाच्या दहा कमेंट असतील तर त्यातली सर्वांत आखूड आणि स्वच्छ लिहिलेली उचलायची. लांब कमेंट पट्टीत बारीक होते, कोणी वाचत नाही. पण स्वच्छ म्हणजे पुस्तकी नव्हे. ‘दादा घरचं बियानं हाय मागल्या सालचं, उगवंल का?’ अशी कमेंट आली होती, ती मी मुद्दाम निवडली. निलंग्याचा शेतकरी असो की मुखेडचा, हे वाचताच त्याला वाटतं की हे आपलंच कोणीतरी विचारतंय. मग उत्तरही त्याच बोलीत द्यावं लागतं.

3. सांगू नका, करून दाखवा : एका प्रश्नाची पूर्ण गोष्ट

तोच प्रश्न घेऊ. सोयाबीन हे स्वपरागीत पीक. त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की त्यापासून आलेलं घरचं बियाणं पुढे दोन-तीन हंगाम वापरता येतं, दरवर्षी नवी पिशवी घ्यायची गरज नसते. पण सोयाबीनच्या दाण्याचं आवरण पातळ असतं. मळणी यंत्र जोरात फिरवलं, पोती आपटली, एकावर एक खूप रचली की आतला अंकुर दुखावतो आणि बाहेरून दाणा टपोराच दिसतो. म्हणून नुसतं बियाणं पाहून ‘उगवंल’ किंवा ‘नाही उगवणार’ असं कोणीच सांगू शकत नाही. त्यासाठी उगवण चाचणी करावी लागते आणि ती घरच्या गोणपाटावर होते.

ती कमेंट आली त्या दिवशी मी कॅमेरा लावला नाही. कमेंटखाली लिहिलं की आज गोणपाट बांधतोय, सात दिवसांनी उघडून दाखवतो, तोवर तुम्हीही बांधा. मग लातूर जिल्ह्यातल्या एका नातेवाइकांच्या घरी जाऊन त्यांच्या प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून आणि तळातून, मूठभर बियाणं काढलं आणि एकत्र केलं. नुसतं वरवरचं घेतलं तर निकाल फसवा येतो. गोणपाट भिजवून, पिळून जमिनीवर अंथरलं. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या, दाण्यादाण्यात दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवलं. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून दोन्हींची सैलसर गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. अशा तीन गुंडाळ्या केल्या. रोज त्यावर पाणी शिंपडायचं काम घरच्या काकूंनी केलं. ओल टिकली पाहिजे, पण पाणी साचता कामा नये, साचलं की दाणे कुजतात.

सातव्या दिवशी गुंडाळी उघडली तेव्हा चित्रण केलं. नंतर त्या कमेंटच्या ‘रिप्लाय’मधून हे चित्रण गॅलरीतून घेतलं. पहिल्या तीन सेकंदांत वर प्रश्नाची पट्टी आणि खाली गुंडाळी उलगडणारे काकूंचे हात. ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो’ नाही, चॅनलचं नाव नाही. पट्टीवरचा प्रश्न हीच सुरुवात. पुढच्या पंधरा-वीस सेकंदांत दाणे कसे मांडले होते ते दाखवलं. मग मोजणी. हे मोजताना लोक चुकतात म्हणून कॅमेरा अगदी जवळ नेला : ज्याला नीट मूळ आणि नीट कोंब आहे, दोन्ही डाळिंब्या शाबूत आहेत, तोच धरायचा. मूळ तुटलेला, वाकडातिकडा, बुरशी चढलेला मोजायचा नाही. नुसता फुगलेला दाणा तर अजिबातच नाही.

तीन गुंडाळ्यांत 66, 62 आणि 67 दाणे निघाले. सरासरी 65. शिफारस अशी की उगवण 70 टक्के किंवा जास्त असेल तर एकरी 30 किलो बियाणं वापरावं. इथे 65 होती, म्हणून हिशेब मांडला : 30 गुणिले 70, भागिले 65. उत्तर सव्वाबत्तीस किलोच्या थोडं वर. म्हणजे या घरच्या बियाण्यात एकरी सव्वादोन-अडीच किलो वाढवले की ते पेरता येतं. 60 टक्के निघाली असती तर एकरी 35 किलो लागले असते. साठच्याही खाली गेली तर ते बियाणं पेरू नका, असं स्पष्ट सांगून व्हिडिओ संपवला. पेरणी तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको आणि बीजप्रक्रिया करायचीच, एवढं मथळ्यात लिहिलं.

उत्तर एका मिनिटाचं, पण त्यामागे सात दिवस आहेत. त्या सात दिवसांत काही जणांनी आपल्या घरी गुंडाळ्या बांधल्या आणि स्वतःचे आकडे कमेंटमध्ये टाकले. ‘आमची 74 आली’, ‘आमची 58 च आली, आता काय करावं?’ या आकड्यांतून पुढच्या उत्तराचा विषय आपोआप मिळाला. नुसतं बोलून उत्तर दिलं असतं तर हे झालं नसतं. ज्या प्रश्नाचं उत्तर करून दाखवता येतं तिथेच या सोयीचा खरा उपयोग आहे.

4. प्रतिसाद का वाढतो, त्यामागची कारणं ओळखा

या बटणाने व्हिडिओ आपोआप जास्त लोकांपर्यंत जातो, असं कोणत्याही ॲपने वचन दिलेलं नाही. कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. प्रतिसाद वाढतो तो चार साध्या कारणांनी.

पहिलं म्हणजे विषयाची खात्री. आपण स्वतः विषय ठरवतो तेव्हा तो लोकांना हवा आहे की नाही हे आधी कळत नाही. इथे मागणी आधी येते, व्हिडिओ नंतर.

दुसरं, प्रश्न वाचणारा थांबतो. छोट्या व्हिडिओत बोट सरकवायला सेकंदभर पुरतो. पट्टीवर स्वतःच्या मनातला प्रश्न दिसला की उत्तर काय येतंय यासाठी माणूस थांबतो. आणि प्रश्न लिहिलेला असल्यामुळे आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यालाही विषय कळतो. एस.टी.त, बँकेच्या रांगेत, घरात सगळे झोपल्यावर असेच व्हिडिओ पाहिले जातात.

तिसरं, ज्याचा प्रश्न घेतला तो माणूस तो व्हिडिओ पुढे पाठवतो. घरच्यांना, भावकीच्या ग्रुपवर, गावातल्या शेतकरी गटात. याचं वजन मोठं आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये सांगितलं की क्रमवारी लावताना सर्वांत महत्त्वाच्या तीन गोष्टी म्हणजे किती वेळ पाहिलं, पोहोचलेल्यांपैकी किती जणांनी लाइक केलं आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं; आणि आपल्याला न ओळखणाऱ्या लोकांपर्यंत जायचं असेल तर त्यात पाठवण्याला जास्त वजन आहे. ‘बघ, माझ्या प्रश्नावर व्हिडिओ केला’ असं म्हणून पाठवलेली रील नेमकी तिथेच कामी येते.

चौथं कारण हळूहळू दिसतं, पण ते सर्वांत पक्कं आहे. इथे विचारलं तर उत्तर मिळतं, हे एकदा लोकांना कळलं की ते नीट विचारतात. ‘दादा माहिती द्या’ ऐवजी ‘काळ्या जमिनीत बीबीएफने पेरलं तर ओळीतलं अंतर किती?’ असे प्रश्न येतात. कमेंटची संख्या वाढते त्याहून त्यांची प्रत वाढते, आणि पुढचे चार व्हिडिओ तिथूनच मिळतात.

यातलं एकही कारण बटणात नाही. खोटा प्रश्न दुसऱ्या खात्यावरून स्वतःच टाकून त्याला उत्तर देणारे काही जण मी पाहिलेत. त्यांना पहिलं आणि तिसरं कारण मिळत नाही, कारण ज्याच्या दारात तो प्रश्न उभा आहे असा माणूसच मागे नसतो.

5. काही कमेंट पडद्यावर आणायच्या नसतात

2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारींचा पूर आला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती. तेव्हापासून दर हंगामात माझ्याकडे अशा कमेंट येतात : अमुक कंपनीचं बियाणं बोगस, तमुक दुकानदाराने फसवलं. माणूस पोळलेला असतो, त्याचा राग खरा असतो. पण ती कमेंट पट्टी करून व्हिडिओवर चिकटवली की तो आरोप माझ्या नावाने हजारो लोकांसमोर जातो, आणि मी ना ते शेत पाहिलेलं असतं ना पिशवी. उगवण कमी यायची कारणं बियाण्याबरोबरच खोल पेरणी, अपुरा पाऊस, पेरणीनंतरची उघडीप किंवा पोत्यांची हाताळणी अशी अनेक असतात.

अशा वेळी मी ती पट्टी वापरत नाही. प्रश्न माझ्या शब्दांत, कोणाचंही नाव न घेता मांडतो : ‘बियाणं उगवलं नाही तर काय करायचं?’ आणि त्याचं पूर्ण उत्तर देतो. पक्की पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि थोडं शिल्लक बियाणं जपून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते, ती शेतात येऊन पाहणी आणि पंचनामा करते. तो होईपर्यंत रान मोडून दुसरी पेरणी करू नका, नाहीतर पुरावाच उरत नाही. फसलेल्या माणसाला या माहितीने पुढची वाट दिसते, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचा निवाडा जिथे व्हायचा तिथे होतो.

दुसरा प्रकार याहून नाजूक. कर्ज, घरातला वाद, जमिनीचा तंटा, आजारपण. माणूस कमेंटमध्ये लिहून जातो, कारण त्या क्षणी त्याला कोणीतरी ऐकणारं हवं असतं. पण कमेंटांच्या ढिगात एका कोपऱ्यात पडलेली ओळ आणि नावासकट व्हिडिओच्या माथ्यावर लावलेली ओळ यात फार अंतर आहे. गावात नावावरून माणूस ओळखू येतो. अशांना मी खासगी निरोपातच उत्तर देतो. प्रश्न सगळ्यांच्या कामाचा असेल तर आधी त्यांना विचारतो, आणि होकार आला तरी नाव न दाखवता वेगळा व्हिडिओ करतो.

शिव्या देणाऱ्या कमेंटला व्हिडिओने उत्तर दिलं की गर्दी जमते, हे खरं आहे. पण ती भांडण बघायला जमलेली असते. पुढच्या आठवड्यात गोणपाट दाखवलं तर तिच्यातलं कोणी थांबत नाही, आणि जे शेतकरी शिकायला येत होते ते कमेंट करायला कचरतात. शिवीला उत्तर नाही, हा नियम मी पाळतो. पण ‘तुमचं हे चुकीचं आहे, आमच्याकडे असं होत नाही’ अशी कमेंट मात्र आवर्जून घ्यावी. त्या माणसाचं शेत वेगळं, जमीन वेगळी. अर्धापूरच्या बागायती पट्ट्यातला आणि जळकोटच्या माळरानावरचा अनुभव एक असणार नाही, आणि त्याची बाजू पडद्यावर आली की उत्तर पुरं होतं.

6. यश मोजायचं तर योग्य आकडा बघा

शॉर्ट्सवर 31 मार्च 2025 पासून व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. आता व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किमान किती सेकंद पाहिला याची अट उरली नाही. त्यामुळे तेव्हापासूनचे मोठे आकडे आधीच्या आकड्यांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. जुन्या पद्धतीच्या जवळचा आकडा यूट्यूब स्टुडिओत ‘एंगेज्ड व्ह्यूज’ नावाने वेगळा मिळतो. तिथेच किती जणांनी थांबून पाहिलं आणि किती जणांनी सरकवून दिलं, याची टक्केवारीही असते. उत्तराच्या व्हिडिओसाठी मी आधी ती बघतो. थांबणारे कमी असतील तर दोष बहुतेक पहिल्या तीन सेकंदांत असतो : प्रश्न वाचता आला नाही, किंवा उत्तराऐवजी प्रस्तावना सुरू झाली.

इन्स्टाग्रामवर मी पाठवणाऱ्यांचा आणि जपून ठेवणाऱ्यांचा आकडा बघतो. गोणपाटाच्या व्हिडिओला लाइक तसे नेहमीइतकेच होते, पण तो जपून ठेवणारे आणि पुढे पाठवणारे नेहमीपेक्षा स्पष्ट जास्त. हिशेबाचा व्हिडिओ माणूस पेरणीच्या दिवशी पुन्हा उघडतो, म्हणून ठेवतो. त्यामुळे तुलना करायची ती आपल्याच, त्याच विषयावरच्या साध्या व्हिडिओशी. लग्नाच्या वरातीची रील लाखात गेली म्हणून बियाण्याच्या उत्तराला नापास करू नये.

सर्वांत पक्की खूण मात्र आकड्यांच्या पानावर नसते, ती उत्तराच्या व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये असते. तिथे जुनाच प्रश्न पुन्हा आला तर आपलं उत्तर कळलेलं नाही. पुढचा प्रश्न आला तर कळलं. ‘उगवंल का?’ला उत्तर दिल्यावर ‘65 आली, बीजप्रक्रियेला औषध आधी लावावं का जिवाणू आधी?’ असं कोणी विचारलं, तर तो शेतकरी एक पायरी पुढे आलेला असतो. याचं उत्तर होतं, आधी बुरशीनाशक, मग जिवाणू संवर्धक, आणि मग सावलीत वाळवणं. तोही व्हिडिओ झाला.

अशी उत्तरांची साखळी तीन-चार कड्यांपर्यंत चांगली चालते. त्यापुढे नवा माणूस मध्येच येतो आणि त्याला मागचं काही सापडत नाही. तिथे थांबून सगळी उत्तरं जोडून एक मोठा, सलग व्हिडिओ करावा. शॉर्ट्सच्या वर्णनात आणि कमेंटमध्ये टाकलेले दुवे 31 ऑगस्ट 2023 पासून दाबता येत नाहीत, म्हणून शॉर्टला ‘रिलेटेड व्हिडिओ’ जोडायची सोय वापरून त्या मोठ्या व्हिडिओकडे वाट द्यावी. इन्स्टाग्रामवर तो खात्याच्या पानावर वर पिन करून ठेवावा.

शेतीचे, शिक्षणाचे, आरोग्याचे, सरकारी योजनांचे व्हिडिओ करणाऱ्या आपल्या भागातल्या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढचा विषय शोधायला बाहेर जाऊ नका. आपल्या मागच्या व्हिडिओखालच्या कमेंट उघडा, जे प्रश्न सर्वांत जास्त वेळा आलेत त्यातला एक निवडा, त्याचं उत्तर स्वतःच्या हाताने करून बघा आणि मगच ते बटण दाबा. आणि प्रश्न पेरणीचा असेल, तर उत्तर पेरणीच्या आधी द्या.